रुपया आठ टक्के महाग, की भाजी? निर्यातदार संघटनांना एक खुले पत्र

प्रति,
राज्यातील निर्यातदार संघटनांचे पदाधिकारी

सप्रेम नमस्कार,

रिझर्व्ह बँक दर महिन्याला ४० चलनांच्या संचावरून रुपयाचा वास्तव प्रभावी विनिमय दर काढते. तुम्ही-आम्ही त्याला रीअर म्हणतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये हा निर्देशांक १०८.१४ वर पोचला. त्या हिवाळ्यात निवेदनांत आणि भाषणांत एकच वाक्य फिरत होते: रुपया आठ टक्के महाग आहे, म्हणून आपला माल बाहेर महाग पडतो, म्हणून डॉलर विकून रुपया धरून ठेवणे बँकेने थांबवावे. पुढच्या ऑक्टोबरपर्यंत तोच निर्देशांक ९७.५ च्या आसपास उतरला. तुमच्याच हिशेबाने मग रुपया अडीच टक्के स्वस्त झाला, आणि वर्षभरात आपल्या मालाला दहा टक्क्यांची सवलत मिळाली. १०८ चा आकडा छातीठोकपणे सांगणाऱ्यांपैकी कोणी ९७ झाल्यावर पेढे वाटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

मी नोकरीची बहुतेक वर्षे एका बँकेच्या परकीय चलन विभागात काढली. पॅकिंग क्रेडिट, निर्यात बिले, फॉरवर्ड कव्हर हेच रोजचे काम. त्यामुळे तुमची तक्रार खोटी आहे असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच की रीअर दोन्ही वेळा बरोबर होता. तुम्ही त्याला जो प्रश्न विचारत होता, त्याचे उत्तर तो देतच नव्हता.

आधी तो काढतात कसा ते पाहू. पहिल्या पायरीवर रुपया प्रत्येक भागीदार देशाच्या चलनासमोर किती वर-खाली झाला ते घेतात, त्या देशाशी असलेल्या व्यापाराच्या हिश्श्याप्रमाणे त्याला वजन देतात आणि सगळ्यांची भूमितीय सरासरी काढतात. हा झाला नीअर, म्हणजे नुसता चलनाचा भाग. दुसऱ्या पायरीवर आपल्याकडची महागाई आणि त्या देशांतली महागाई यांचे गुणोत्तर त्यात घालतात. रुपया दहा टक्के घसरला पण आपल्याकडे किंमतीही बाहेरच्यापेक्षा दहा टक्के जास्त वाढल्या, तर परदेशी ग्राहकाला काहीच स्वस्त झालेले नसते. ही गोष्ट एका आकड्यात पकडावी यासाठी रीअर आहे. निर्देशांक वर गेला की रुपया खऱ्या अर्थाने महाग, खाली आला की स्वस्त.

यात १०० म्हणजे ‘योग्य भाव’ नव्हे. १०० म्हणजे २०१५-१६ या वर्षाची सरासरी, बस्स. त्या वर्षी रुपया नेमका जागेवर होता असे कोणी सिद्ध केलेले नाही. यापूर्वीची मालिका ३६ चलनांची होती आणि तिचा पाया २००४-०५ चा होता; त्या मालिकेत २०१९-२० चा आकडा ११५ च्या पुढे होता. नव्या मालिकेत त्याच वर्षाचा आकडा १०३ च्या आसपास दिसतो. रुपया तोच, वर्ष तेच, पण एका तक्त्यात पंधरा टक्क्यांहून जास्त ‘महाग’ आणि दुसऱ्यात तीन टक्के. तेव्हा ‘१०८ म्हणजे आठ टक्के जास्त’ हे वाक्य निवेदनातून आधी काढून टाका. रीअरमध्ये अर्थ असतो तो बदलाला: कधीपासून कधीपर्यंत, किती, आणि मुख्य म्हणजे कशामुळे.

हे ‘कशामुळे’ हाताने गणित केल्याशिवाय कळत नाही. ४० चलने घेऊन बसायची गरज नाही, तीन पुरतात. डॉलरला ४०, युरोला ३० आणि युआनला ३० टक्के वजन देऊ. ही वजने माझी, समजायला सोपी म्हणून घेतलेली. बँकेची वेगळी आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये डॉलर ढोबळमानाने ८४ रुपयांना होता, ऑक्टोबर २०२५ मध्ये ८८ ला. युरो ९२ वरून १०३ वर गेला. युआन ११.८० वरून १२.४० वर. म्हणजे रुपया डॉलरसमोर साडेचार टक्के, युआनसमोर जवळजवळ पाच टक्के आणि युरोसमोर तब्बल पावणेअकरा टक्के उतरला. त्या वर्षी डॉलर स्वतःच युरोसमोर घसरत होता आणि रुपया डॉलरच्याही मागे पडत होता, म्हणून हा फरक. टीव्हीवर फक्त डॉलरचा भाव पाहणाऱ्याला यातली अर्धी गोष्ट दिसतच नाही. तिन्हींची वजनासह भूमितीय सरासरी काढली की नीअर १०० वरून ९३.५ वर येतो.

आता महागाई. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपला ग्राहक किंमत निर्देशांक वर्षभरापूर्वीपेक्षा फक्त ०.२५ टक्के वर होता. २०१२ पायाच्या मालिकेतला तो नीचांक. अमेरिकेत महागाई सप्टेंबरच्या आकड्यानुसार साधारण ३ टक्के, युरो क्षेत्रात २.१, चीनमध्ये ०.२. आपल्या वजनांनी बाहेरची सरासरी १.९ टक्के होते. म्हणजे आपल्याकडे किंमती बाहेरच्यापेक्षा जेमतेम दीड-पावणेदोन टक्के कमी वाढल्या. ९३.५ ला हा भाग लावला की रीअर ९२ वर उतरतो. डॉलरसमोर रुपया साडेचार टक्केच घसरला, पण रीअर आठ टक्क्यांनी. तीन चलनांच्या या खेळण्यातल्या निर्देशांकाची दिशा आणि अंदाजे माप बँकेच्या खऱ्या निर्देशांकाशी जुळते.

इथपर्यंत सगळे ठीक दिसते. पण त्या ०.२५ टक्क्याकडे जरा थांबून पाहा, कारण खरी मेख तिथे आहे.

त्या महिन्यात भाजीपाला वर्षभरापूर्वीपेक्षा २७ टक्क्यांहून जास्त उतरला होता. आणि वर्षभरापूर्वी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, ग्राहक महागाई ६.२१ टक्के होती तेव्हा हाच भाजीपाला ४२ टक्के चढलेला होता. २०१२ पायाच्या मालिकेत खाद्यपदार्थ आणि पेयांचे वजन ४५.८६ टक्के होते. नव्या मालिकेत ते कमी केले आहे, तरी ते अमेरिका किंवा युरोपातल्या वजनाच्या कितीतरी वर राहते. म्हणून टोमॅटो, कांदा, बटाटा वर गेले की आपला निर्देशांक वर जातो, त्याच्याबरोबर रीअर वर जातो, आणि निवेदनात लिहिले जाते की रुपया महाग झाल्यामुळे आपले पंप, व्हॉल्व्ह आणि कास्टिंग जगात विकले जात नाहीत. लासलगावचा कांदा महागल्यामुळे कोल्हापूरच्या फाउंड्रीचा उत्पादन खर्च त्याच महिन्यात वाढत नाही. रीअरमध्ये मात्र तो वाढल्यासारखा दिसतो.

खाद्यपदार्थ आणि इंधन बाजूला ठेवून तेच गणित पुन्हा करून पाहा. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपली मूळ महागाई ४.४ टक्क्यांच्या आसपास होती. अमेरिकेत सप्टेंबरच्या आकड्यानुसार ३, युरो क्षेत्रात २.४, चीनमध्ये १.२. त्याच वजनांनी बाहेरची सरासरी सव्वादोनच्या जवळ येते. आता आपल्याकडच्या किंमती बाहेरच्यापेक्षा दोन टक्के जास्त वाढलेल्या निघतात, आणि ९३.५ चा नीअर खाली जाण्याऐवजी वर सरकून ९५.४ होतो. नेहमीचा रीअर आठ टक्के उतरला, मूळ महागाईचा साडेचार टक्के. मधले साडेतीन टक्के कुठल्याही निर्यातदाराच्या हातात आले नव्हते. ते भाजी मंडईत राहिले.

यातही एक पाचर आहे. आपल्या मूळ महागाईत सोन्याचे दागिने येतात, आणि त्या वर्षात सोने पन्नास टक्क्यांहून जास्त महागले. म्हणजे ४.४ हा आकडाही फुगलेला. सोने वगळले तर उत्तर ९२ आणि ९५.४ च्या मध्ये कुठेतरी पडेल. एकच वर्ष, एकच रुपया, आणि कुठली किंमत घातली यावर तीन वेगवेगळी उत्तरे. म्हणून कोणी तुम्हाला रीअर दशांशासह सांगितला की आधी विचारा, भाव कशाचा घातला आहे?

बँकेवर मात्र याचा दोष टाकू नका. ग्राहक किंमत निर्देशांक जवळजवळ प्रत्येक देशात दरमहा, ठरलेल्या पद्धतीने आणि लवकर मिळतो, म्हणून बहुतेक मध्यवर्ती बँका आणि आंतरराष्ट्रीय संस्था तोच वापरतात. आपल्याकडे पूर्वी घाऊक किंमती वापरत. २०१४ मध्ये बँक ग्राहक किंमतींकडे वळली ती तुलना सारखी व्हावी म्हणूनच. शिवाय भाजीची महागाई कारखान्याला कधीच लागत नाही असेही नाही. महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी ग्राहक किंमतींवरून ठरतो, करारातल्या महागाई भत्त्याचेही तसेच. कांदा वर्षभर चढा राहिला तर तो पगारपत्रकात उतरतोच. पण सहा महिन्यांत चढून पुढच्या सहा महिन्यांत उतरणारा भाव तिथे पोचेपर्यंत विरून जातो. रीअरमध्ये तो त्याच महिन्यात शंभर टक्के मोजला जातो.

तुमच्या सभासदांपैकी ज्यांची स्पर्धा चीनशी आहे, त्यांच्यासाठी मी तिसरे गणित केले आहे, आणि माझ्या मते या पत्रातले तेच सगळ्यात कामाचे आहे. ग्राहक किंमती घेतल्या तर चीनसमोर चित्र छान दिसते: युआनसमोर रुपया पाच टक्के स्वस्त, दोन्हीकडे महागाई सारखीच, पाव टक्क्याच्या आसपास, म्हणजे सगळेच्या सगळे पाच टक्के आपल्या पदरात. आता कारखान्याच्या दारातल्या किंमती घ्या, कारण परदेशी खरेदीदार तुमच्याशी आणि निंगबोच्या पुरवठादाराशी भाव करतो तो त्याच किंमतींवर. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या घाऊक निर्देशांकातल्या उत्पादित वस्तू वर्षभरात सुमारे दीड टक्का वाढल्या होत्या. चीनच्या उत्पादक किंमती २.१ टक्के उतरल्या होत्या, आणि ही घसरण २०२२ च्या शरदापासून महिन्यामागून महिने चालू होती. जवळजवळ पाच टक्क्यांतून हे साडेतीन टक्क्यांहून थोडे जास्त असलेले अंतर वजा करा. हातात राहतो सव्वा टक्का. एवढ्या फरकाने पुण्याचा, कोल्हापूरचा किंवा बेळगावचा फाउंड्रीवाला चिनी कास्टिंगकडून ऑर्डर खेचून आणू शकत नाही. तिकडे कारखान्यांची क्षमता गरजेपेक्षा जास्त आहे, घरची मागणी मंद आहे, आणि माल मिळेल त्या भावाला बाहेर जातो. ग्राहक किंमतींच्या रीअरमधून ही गोष्ट दिसत नाही. कारण चीनमध्ये दूध, घरभाडे आणि डॉक्टरची फी कारखान्याच्या मालाइतकी पडलेली नाही.

आता वजनांविषयी. बँक वजन देते ते आपला त्या देशाशी थेट व्यापार किती यावरून. यात एक स्पर्धक सुटतो: ज्याच्याशी आपण फारसा व्यापार करत नाही, पण जो तिसऱ्या देशाच्या बाजारात आपल्यासमोर उभा असतो.

नाशिकचे द्राक्ष घ्या. जानेवारी ते एप्रिल हा आपला युरोपचा हंगाम, आणि त्यात सर्वात मोठा ग्राहक नेदरलँड्स. रॉटरडॅमच्या आयातदारासमोर त्याच आठवड्यांत दक्षिण आफ्रिकेचे आणि दक्षिण अमेरिकेचे कंटेनर असतात. त्याच्या दृष्टीने रुपया-युरो भावाला एकट्याने अर्थ नाही. रुपया युरोसमोर किती उतरला आणि रँड किती उतरला, यातला फरक महत्त्वाचा. दक्षिण आफ्रिका आपल्या ४० चलनांत आहे, पण तिला वजन मिळते ते आपल्याकडे येणाऱ्या कोळशासारख्या आणि तिकडे जाणाऱ्या मोटारींसारख्या मालामुळे. द्राक्षाचा त्यात काही संबंध नाही. पेरू आणि चिली यांच्याशी आपला व्यापार त्या मानाने किरकोळ, म्हणून त्यांचे चलन कितीही हलले तरी आपला रीअर ढिम्म राहतो आणि रॉटरडॅमचा भाव मात्र हलतो. शिवाय डिसेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा आपल्या द्राक्षाचा प्रवास जवळजवळ दोन आठवड्यांनी लांबला आणि भाडे चढले. आफ्रिकेच्या मालाला सुएझ लागतच नाही. हा तोटा कुठल्याही विनिमय दराच्या निर्देशांकात नोंदवला गेला नाही, जाणारही नाही.

बासेलच्या बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सचा रीअर या बाबतीत थोडा बरा. ती ६४ अर्थव्यवस्थांसाठी तो काढते आणि वजनात तिसऱ्या बाजारातली स्पर्धा धरते. नाणेनिधीही तसेच करतो. पण तीही सगळ्या उत्पादित मालाची सरासरी असते. द्राक्षासाठी, हातमागासाठी, डाळिंबासाठी तुमची वजने तुम्हालाच काढावी लागतील. रिझर्व्ह बँक एकूण व्यापाराच्या वजनांबरोबर फक्त निर्यातीच्या वजनांचाही रीअर देते. निर्यातदारांच्या निवेदनात तो का नसतो, हे मला न सुटलेले कोडे आहे.

आणखी दोन गोष्टी, थोडक्यात. पहिली आयात मालाची. मुंबईतून जाणाऱ्या शंभर डॉलरच्या पैलू पाडलेल्या हिऱ्यात सत्तर डॉलरचा कच्चा हिरा आयात केलेला आहे असे धरू. डॉलर ८४ चा ८८ झाला तरी ते सत्तर डॉलर सत्तरच राहतात. स्वस्त होतात ते फक्त उरलेले तीस, म्हणजे मजुरी, वीज, भाडे आणि नफा. गणित केले तर हिरा शंभरऐवजी साधारण ९८.६० डॉलरला देता येतो. रुपया साडेचार टक्के घसरला आणि विकायचा भाव दीड टक्का उतरला. द्राक्षात खर्चाचा बराच भाग रुपयांत असतो, तिथे गुणाकार वेगळा. तेव्हा ‘रुपया घसरवा’ ही मागणी करताना संघटनेतला कोण कुठल्या बाजूला बसला आहे, ते आधी तपासून घ्या. दुसरी गोष्ट आयात शुल्काची. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या बऱ्याच मालावरचे अतिरिक्त शुल्क आधी २५ आणि मग ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा बांगलादेश आणि व्हिएतनामवर ते २० टक्के होते. रीअर त्या वर्षी आठ-दहा टक्के आपल्या बाजूने गेला आणि शुल्कातला फरक तीस टक्के विरुद्ध. निर्देशांकात शुल्काला जागाच नाही.

मग रीअर स्पर्धाशक्तीबद्दल काही सांगतो की नाही? सांगतो, पण लांब पल्ल्यात, आणि कधी कधी तुमच्या अपेक्षेच्या उलट. २००५ ते २०१५ या दहा वर्षांत चीनचा रीअर सुमारे निम्म्याने वाढला. तुमच्या तर्काने चीनची निर्यात बसायला हवी होती. प्रत्यक्षात जगाच्या वस्तू निर्यातीतला त्याचा वाटा सात टक्क्यांवरून जवळजवळ चौदावर गेला. कामगाराची उत्पादकता वेतनापेक्षा आणि चलनापेक्षा जोरात वाढत असेल तर देश महाग होत जातो आणि तरीही जास्त विकतो. बलासा आणि सॅम्युएलसन यांनी १९६४ मध्ये यामागचे कारण मांडले: निर्यात उद्योगात उत्पादकता वाढली की तिथले वेतन वाढते, त्या ओढीने न्हाव्याचे आणि शिक्षकाचेही वाढते, आणि सगळ्या देशाची किंमत पातळी वर सरकते. निकोलस काल्डोर यांनी १९७८ मध्ये युद्धोत्तर काळातल्या औद्योगिक देशांचे आकडे मांडले तेव्हाही हेच निघाले: जपान आणि जर्मनी यांचा खर्च तुलनेने वाढत होता आणि वाटाही वाढत होता, अमेरिका आणि ब्रिटन स्वस्त होत गेले आणि बाजारही गमावत गेले.

उलट बाजूही पाहा. २०२२ नंतर चीनचा रीअर १५ टक्क्यांच्या आसपास उतरला. यात युआन मुद्दाम पाडल्याचा भाग लहान. बाकी जगात महागाई भडकली आणि चीनमध्ये किंमती गोठल्या, हे मोठे कारण. २०२५ मध्ये त्याचे व्यापार आधिक्य एक लाख कोटी डॉलरच्या पुढे गेले, पण त्यामागे घरात खर्च न करणारा ग्राहक आहे. म्हणून रीअर उतरला ही बातमी आली की पहिला प्रश्न हा: चलन उतरले म्हणून, की घरची मागणी बसल्याने किंमती थांबल्या म्हणून? आपल्या ९७.५ मध्ये रुपयाची घसरण होती, युरोची उसळी होती आणि मंडईतली पडझड होती. यातली युरोची उसळी युरोपला माल पाठवणाऱ्यालाच लागू. रुपयाची घसरण सगळ्यांना, पण ज्याच्या त्याच्या आयात खर्चाप्रमाणे. मंडईतली पडझड कोणालाच नाही.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे की पुढच्या निवेदनात एकटा रीअर पाठवू नका. त्याच्याशेजारी प्रत्येक मालासाठी एक पान जोडा. पानावर आधी एचएस कोड आणि त्या मालाचे तीन मोठे बाजार लिहा. प्रत्येक बाजारात आपल्यासमोरचे दोन मोठे स्पर्धक कोण, त्यांचा वाटा किती, हे ट्रेड मॅप आणि यूएन कॉमट्रेडवर मिळते. शेतमालासाठी अपेडाची आकडेवारी आहे. मग खरेदीदाराच्या चलनासमोर रुपया वर्षभरात किती हलला आणि स्पर्धकांची चलने किती, हे दोन आकडे शेजारी मांडा. त्यांत दोन्हीकडच्या कारखाना किंमतींतला बदल मिळवा: आपल्याकडे घाऊक निर्देशांकातला तुमच्या उद्योगगटाचा आकडा, तिकडे त्यांचा उत्पादक किंमत निर्देशांक. खाली आयात मालाचा टक्का, शुल्कातला फरक आणि कंटेनरचे भाडे. एवढे झाले की साहेबांच्या टेबलावर ‘रुपया आठ टक्के महाग’ याऐवजी ‘या मालात, या बाजारात, या देशासमोर आम्ही इतके मागे आहोत, आणि त्यातले इतके चलनामुळे’ असे काहीतरी जाईल. चलनाचा भाग लहान निघाला तर मागणीही बदलेल: कोणाला शुल्काची वाटाघाट हवी असेल, कोणाला विजेचा दर, कोणाला जहाजाचा मार्ग.

दुसरी विनंती तुम्ही सगळ्यांनी मिळून बँकेला करावी. युरोपीय मध्यवर्ती बँक आपल्या देशांचे स्पर्धाक्षमतेचे निर्देशांक ग्राहक किंमती आणि दर नगामागचा श्रमखर्च अशा वेगवेगळ्या मापांनी काढून शेजारी शेजारी छापते. मापे एकमेकांपासून दूर जाऊ लागली की वाचणाऱ्याला लगेच दिसते. आपल्याकडे श्रमखर्चाचा आकडा दरमहा मिळणे अवघड, कारण वार्षिक उद्योग पाहणी उशिरा येते. पण घाऊक निर्देशांकातल्या उत्पादित वस्तू घेऊन, जिथे उपलब्ध आहेत तिथे भागीदारांच्या उत्पादक किंमती घेऊन, मोठ्या दहा-बारा व्यापारी देशांपुरता दुसरा रीअर काढायला नवी पाहणी लागत नाही. खाद्यपदार्थ, इंधन आणि सोने वगळून तिसराही निघेल. बुलेटिनमधल्या त्याच तक्त्यात दोन स्तंभ वाढतील, इतकेच.

पहिले पान कास्टिंगचे करा असे मी सुचवतो. तिथे स्पर्धक कोण हे ठाऊक आहे, चीनच्या उत्पादक किंमती दरमहा प्रसिद्ध होतात, आणि कच्चे लोखंड, भंगार, कोक आणि वीज यांचा हिशेब तुमच्या सभासदांकडे तयार आहे. द्राक्षाचे पान हंगाम संपल्यावर, मे महिन्यात, प्रत्यक्ष मिळालेल्या भावांवरून करता येईल.

आपला,
परकीय चलन विभागातून निवृत्त झालेला एक बँक अधिकारी